जमातखान्यातला घुमारा

आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या बाजूला एक जमातखाना आहे. नाव सांगत नाही. निकाह, वलीमा, मिलादचा जलसा, शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा, सगळं तिथेच होतं. लांबी 16 मीटर, रुंदी 10, उंची 4. खाली चकचकीत फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंना ऑइल पेंट मारलेल्या भिंती. बांधताना सगळ्यांनी कौतुक केलं ते स्वच्छतेचं. पण पहिल्याच जलशात मौलाना साहेबांची तकरीर सुरू झाली आणि मागे बसलेल्यांना आवाज तर खणखणीत आला, शब्द मात्र एकही धड नाही. माझ्या शाळेची मुलं जुन्नरहून स्पर्धेसाठी तिथे जातात. परीक्षक मागच्या रांगेत बसतात आणि ‘उच्चार अस्पष्ट’ म्हणून गुण कापतात. आठवीतल्या मुलीने महिनाभर घासून तयार केलेला ‘क़ाफ़’ आणि ‘काफ़’ मधला फरक त्या हॉलमध्ये भिंतीच खाऊन टाकतात. मराठी भाषणात ‘ट’ आणि ‘ठ’ चं तेच.

कमिटीत ठरत होतं की आणखी दोन मोठे स्पीकर घ्यायचे. मी सदर साहेबांना म्हटलं, “चाचा, पैसे आठ दिवस थांबवा, मला आधी मोजू द्या.”

मोजायचं काय, तर घुमारा. आवाज बंद झाल्यावर तो 60 डेसिबलने उतरायला किती सेकंद लागतात, त्याला अनुरणन-काल म्हणतात. ही कल्पना वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाची. 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग म्युझियमचं व्याख्यानगृह उघडलं आणि तिथे कुणाचंच बोलणं कळेना. सॅबिनने रात्री, सगळं शांत झाल्यावर, ऑर्गनची एक नळी वाजवून ती थांबल्यावर आवाज किती वेळ ऐकू येतो ते घड्याळ लावून मोजलं. रिकाम्या हॉलमध्ये साडेपाच सेकंदांहून जास्त! मग शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या आणि थोड्या थोड्या मांडत पुन्हा पुन्हा मोजलं. त्यातून जे सूत्र निघालं ते आज मीटरमध्ये असं लिहितात:

T = 0.161 × V / A

V म्हणजे हॉलचं घनफळ आणि A म्हणजे आवाज गिळणारं एकूण क्षेत्रफळ. त्याचं माप सॅबिनने फार सोपं ठेवलं: एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ती पूर्ण गिळणारी. फरशीचा एक चौरस मीटर जेमतेम दोन-तीन शतांश गिळतो.

आमच्याकडे ऑर्गन कुठला? मी फुगे नेले. फुगा चांगला मोठा फुगवून स्टेजवर वक्ता उभा राहतो तिथे फोडायचा आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीवर बसणाऱ्यांसाठी साधारण 80 सेंटिमीटरवर, फोन ठेवून रेकॉर्ड करायचं. भिंतीपासून निदान एक मीटर दूर, आणि सहा वेगवेगळ्या जागी. पंखे बंद, खिडक्या बंद. फोनमध्ये असं ॲप घ्यायचं जे आवाजाची पातळी आपोआप वरखाली करत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण फोन आवाज उतरताना स्वतःच तो वर उचलू लागला तर घुमारा आहे त्यापेक्षा लांब दिसतो. ओळखायचं कसं? आलेख काढल्यावर उतार एका सरळ रेषेत यायला हवा. मध्येच तो आडवा झाला तर एकतर फोनने ढवळाढवळ केली आहे किंवा खोलीतला मूळ गोंगाट लागला आहे. फुगा फार जवळ फुटला तर सुरुवातीचं टोक छाटलेलं दिसतं, ते रेकॉर्डिंगही बाद.

पूर्ण 60 डेसिबलचा उतार गावात सहसा मिळत नाही. बाहेरून ट्रॅक्टर जातो, कुत्रं भुंकतं. म्हणून पहिले 5 डेसिबल सोडून पुढच्या 20 डेसिबलच्या उताराला लागलेला वेळ घ्यायचा आणि तीनने गुणायचा. हे काम संगणकावरचं REW हे मोफत सॉफ्टवेअर करतं, आणि वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी, म्हणजे 125 पासून 4000 हर्ट्झपर्यंत, वेगवेगळे आकडे देतं. बोलण्यासाठी 500 ते 2000 हर्ट्झची पट्टी आधी पाहायची. सहा जागांची सरासरी आली 3.6 सेकंद.

3.6 म्हणजे नेमकं किती वाईट, ते कमिटीला समजावताना मी शिक्षकाचा हिशेब मांडला. आपण बोलताना सेकंदाला साधारण पाच अक्षरं बोलतो, म्हणजे एका अक्षराला 0.2 सेकंद. 3.6 सेकंदांत आवाज 60 डेसिबल उतरतो, तर 0.2 सेकंदात फक्त 3.3 डेसिबल. म्हणजे मागच्या अक्षराचा ‘आ’ अजून जवळजवळ तेवढ्याच जोरात खोलीत फिरत असतो, आणि त्यावर पुढचा ‘क’ येतो. व्यंजन हे स्वरापेक्षा कितीतरी क्षीण असतं. ते बिचारं बुडतं. स्पीकर मोठा केला तर ‘क’ वाढतो आणि त्याला बुडवणारा ‘आ’ही तेवढाच वाढतो. त्या हॉलमध्ये स्पीकरशिवाय बोललं तर वक्त्यापासून सव्वा मीटरच्या पुढेच सरळ आलेल्या आवाजापेक्षा भिंतींवरून घुमून आलेला आवाज जास्त भरतो. श्रोत्यांच्या जवळ, त्यांच्याकडेच तोंड करून लावलेले छोटे स्पीकर थोडी मदत करतात. स्टेजवरचे दोन मोठे खोके नाही.

आता गणित. घनफळ 640 घनमीटर. 0.161 ने गुणलं की 103. त्याला 3.6 ने भागलं तर A येतो 28.6. म्हणजे एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आवाज गिळायला जेमतेम 29 चौरस मीटर उघड्या खिडकीइतकी सोय. खाली बसलेलं एक मूल साधारण 0.3 एकक गिळतं. शंभर मुलं बसली की 30 वाढतात, आणि घुमारा 1.8 सेकंदांवर येतो. ‘माणसं भरली की बरं ऐकू येतं’ असं चाचा म्हणायचे ते खरंच होतं. पण या आकाराच्या हॉलमध्ये भाषणासाठी एक सेकंदाच्या आसपास हवं.

इथे कमिटीतल्या एका तरुणाने मोबाइलवर लाकडी ठोकळ्यांचं सुंदर पॅनेल दाखवलं. “सर, हे डिफ्यूजर लावूया, शोभाही येईल.” डिफ्यूजर म्हणजे आवाज विखुरणारा. 1970च्या दशकात मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने अंकगणितातल्या वर्गशेषांवरून अशा खाचांची खोली ठरवायची रीत काढली. मला ती गोष्ट फार आवडते. पण डिफ्यूजर आवाज गिळत नाही, फक्त वेगवेगळ्या दिशांना पाठवतो, 3.6 चा आकडा त्याने फारसा हलत नाही. शिवाय खोली कमी असेल तर तो खालच्या पट्टीला दिसतच नाही. 5 सेंटिमीटरचे ठोकळे साधारण 1700 हर्ट्झच्या वरच काम करू लागतात. 500 पर्यंत उतरायचं तर 17 सेंटिमीटर तरी खोली लागते. घुमारा मुळात योग्य आहे, पण एखाद्या भिंतीवरून आवाज टोचून परत येतो, आणि मुशायऱ्यासाठी, कव्वालीसाठी हॉल जिवंत ठेवायचा आहे, अशा ठिकाणी डिफ्यूजर शोभतो. जुन्नरला हापूसबागेतल्या सौदागर घुमटासारख्या वास्तूचं दुखणं आणखी वेगळं असतं. गोलाई आवाज एका जागी गोळा करते. आमच्या चौकोनी खोक्याला आधी गिळणारंच काहीतरी हवं होतं.

गिळणारं म्हणजे काय, यावर दोन सूचना आल्या. अंड्यांचे ट्रे: पातळ पुठ्ठा, जेमतेम वरच्या पट्टीत थोडं गिळतो आणि काडी लागली की भडकतो. थर्मोकोल: बंद छिद्रांचा, त्यात हवा शिरतच नाही, आणि तोही पेटतो. जिथे लग्नं होतात, मंडपाचे दिवे तापतात, तिथे या दोन्हीवर मी हात जोडले. ठरलं ते असं: 50 मिलिमीटर जाडीचं रॉकवूल, 120 बाय 60 सेंटिमीटरच्या लाकडी चौकटीत, वरून कापड. हे मधल्या पट्टीत साधारण 0.9 गिळतं. सुताराने चौकटी केल्या. कापडावरून मात्र वाद झाला. पुसायला सोपं म्हणून रेक्झीन हवं होतं. मी रेक्झीनचा तुकडा तोंडाला लावून फुंकायला सांगितलं. फुंकर पलीकडे गेली नाही. जिथून फुंकर जात नाही तिथून व्यंजनंही आत जात नाहीत, परत फिरतात. शेवटी जाडंभरडं सुती कापड घेतलं.

56 चौकटी, म्हणजे 40 चौरस मीटर. अर्ध्या मागच्या भिंतीवर, सव्वा मीटरच्या वर, म्हणजे पोरांचे हात आणि पाठी लागणार नाहीत. मागची भिंत पहिली, कारण स्टेजजवळ बसलेल्याला तिथून परतलेला आवाज 32 मीटरचा फेरा करून 90 मिलिसेकंदांहून उशिरा येतो आणि शब्दावर शब्द चढतो. 50 मिलिसेकंदांच्या आत आलेला परतावा कान मूळ आवाजात जोडून घेतो, त्याने उलट मदतच होते. म्हणून स्टेजवरचा आणि मधला स्लॅब उघडाच ठेवला. उरलेल्या 28 चौकटी बाजूच्या भिंतींवर, आडव्या-उलट: या भिंतीवर चौकट तिथे समोर मोकळी भिंत. त्याने टाळी वाजवल्यावर येणारी ‘टर्रर्र’ही गेली.

हिशेबाने रिकाम्या हॉलचा आकडा 1.6 यायला हवा होता, पुन्हा फुगे फोडल्यावर आला 1.7. दोन चौकटींमधल्या जागा आणि सगळीकडे सारखा न विखुरलेला आवाज, एवढा फरक सूत्र सहज करतं. ते आवाज खोलीभर सारखा पसरला आहे असं गृहीत धरतं, आणि गिळणारं सगळं भिंतींवर असलं की ते तितकंसं खरं नसतं. मुलं बसल्यावर हिशेबाने 1.1. तिथे 0.2 सेकंदात आवाज 11 डेसिबल उतरतो. ‘क’ ला डोकं वर काढायला जागा मिळते.

आकड्यांवर कमिटीचा विश्वास बसेना, म्हणून एक साधी चाचणी घेतली. चौकटी बसवण्याआधी स्टेजवरून मी पन्नास सुटे शब्द वाचले होते, अर्धे मराठी, अर्धे उर्दू: ताट, थाट, दाट, क़लम, करम, ग़म, ख़म. मागच्या रांगेतल्या मुलांनी ऐकलं ते लिहिलं. सरासरी 28 बरोबर. नंतर क्रम बदलून तेच शब्द, तेवढीच मुलं: 43. उरलेल्या चुका बहुतेक ‘ग़’ आणि ‘ग’ च्या होत्या, आणि त्या वर्गातही होतात.

खालची पट्टी मात्र अजून घुमते. 125 हर्ट्झला रिकाम्या हॉलमध्ये अडीच सेकंद येतात, कारण 50 मिलिमीटर रॉकवूल तिथे फारसं काही करत नाही. त्यासाठी चौकटीमागे हवेची पोकळी ठेवून पातळ प्लायवूडचे पत्रे लावावे लागतील. तोवर माइकच्या मिक्सरवर खालची पट्टी 150 हर्ट्झच्या खाली कापून ठेवली आहे. भारदस्त आवाजाचे एक मौलाना साहेब त्यामुळे जरा खट्टू आहेत. त्यांचा ‘बेस’ गेला म्हणतात.