सोळा दिवसांचा हिशेब

साइडवेज बाजारात मूव्हिंग अॅव्हरेज फसतं, हे चार्ट बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण ते का फसतं याबद्दल माझं मत बरीच वर्षं ठाम होतं: दिवसांची जोडी चुकीची निवडली की फसतं. ५ आणि २० चालत नसेल तर ९ आणि २१ लावा, तेही नसेल तर साधी सरासरी सोडून एक्स्पोनेन्शियल घ्या. बाजाराला बसणारी जोडी कुठेतरी असणारच आणि आपण ती शोधायची, अशी माझी धारणा होती. आज ती राहिलेली नाही. ती मोडली एका कागदावरच्या बेरीज-भागाकाराने, म्हणून तो हिशेब इथे सगळाच मांडतो.

५ आणि २० दिवसांची जोडी घेऊ. रिचर्ड डॉन्चियन यांच्या नावाने ती जुन्या काळापासून ओळखली जाते. पाच दिवसांची सरासरी वीसच्या वर गेली की खरेदी, खाली आली की विक्री. आता एक काल्पनिक शेअर घ्या. त्याचा भाव १०० वरून रोज एक रुपयाने चढतो, दहा दिवसांत ११० ला पोचतो आणि तसाच रोज एक रुपयाने उतरत पुन्हा १०० वर येतो. हे चक्र सतत चालू आहे. याहून स्वच्छ साइडवेज बाजार सापडणार नाही. अफवा नाहीत, गॅप नाहीत, सगळं आधीच माहीत.

एक चक्र बरोबर वीस दिवसांचं असल्यामुळे वीस दिवसांची सरासरी कायम १०५ वर सपाट राहते. पाच दिवसांची सरासरी मात्र भावाच्या दोन दिवस मागून चालते. तळानंतर सातव्या दिवशी भाव १०७ असतो आणि शेवटचे पाच भाव १०३ ते १०७, म्हणजे सरासरी १०५. दोन्ही रेषा जुळल्या, पण छेद अजून झाला नाही. आठव्या दिवशी भाव १०८ होतो, पाचाची सरासरी १०६, आणि खरेदीचा सिग्नल येतो. दोन दिवसांनी भाव शिखरावर असतो. उतरताना हेच उलट्या बाजूने घडतं आणि विक्रीचा सिग्नल येतो तेव्हा भाव १०२ असतो. घेतलं १०८ ला, विकलं १०२ ला. दहा रुपयांच्या पट्ट्यात सहा रुपये गेले आणि पुढच्या चक्रात पुन्हा तितकेच जाणार. इथे नशिबाचा काही संबंध नाही.

आता फक्त एक गोष्ट बदला. भाव त्याच वेगाने चढू दे, पण दहाऐवजी वीस दिवस: १०० वरून १२० आणि परत. जोडी तीच. आता वीसची सरासरीही वळते, म्हणून हिशेब पुन्हा करावा लागतो. तळानंतर सातव्या दिवशी पाचाची सरासरी १०५ आणि वीसची १०५.३. आठव्या दिवशी १०६ आणि १०५.१. खरेदी याही वेळी आठव्या दिवशी, १०८ ला. विक्री शिखरानंतर आठव्या दिवशी, ११२ ला. चार रुपये नफा.

हे आकडे शेजारी ठेवले तेव्हा माझं मत हललं. दोन्हीकडे उशीर आठ दिवसांचाच आहे. चढाचे पहिले आठ दिवस ही जोडी घेत नाही आणि शिखरानंतरच्या उताराचे आठ दिवस सोडत नाही. म्हणजे सरळ चाल सोळा दिवसांपेक्षा मोठी असेल तर पैसे उरतात, लहान असेल तर जातात, आणि बरोबर सोळा दिवसांची असेल तर फक्त ब्रोकरेज आणि कर भरणं होतं. साठ दिवसांच्या चढात हीच जोडी चव्वेचाळीस रुपये देते. बाजार ‘साइडवेज’ आहे की ‘ट्रेंडिंग’, हा प्रश्न या जोडीच्या नजरेतून एवढाच उरतो: चाल सोळा दिवसांपेक्षा लांब की आखूड?

मग दिवस कमी करून बघू, असं कुणीही म्हणेल. मीही तेच करत होतो. आखूड जोडी दहा दिवसांच्या चालीत टिकते, पण चार-पाच दिवसांच्या हेलकाव्यांत तशीच मार खाते, आणि बाजारात लहान हेलकावे नेहमीच मोठ्यांपेक्षा जास्त असतात. आपण तोटा घालवत नाही, त्याचा पत्ता बदलतो. एक्स्पोनेन्शियलवरचा माझा विश्वासही असाच गेला. ती ताज्या भावाला जास्त वजन देते, वळणावर लवकर हलते, हे खरं. पण भाव सरळ रेषेत जात असेल तर २० दिवसांची साधी आणि २० दिवसांची एक्स्पोनेन्शियल, दोघीही भावाच्या साडेनऊ दिवस मागे असतात. वजनं कशीही वाटली तरी जुने भाव मोजायचे म्हणजे मागे राहायचंच.

मोठ्या जोडीचंही तेच. ५० आणि २०० दिवसांच्या जोडीवर ‘गोल्डन क्रॉस’च्या बातम्या होतात. वरच्याच पद्धतीने तिचा उशीर काढला तर तो ७८ सत्रांचा येतो, म्हणजे साडेतीन महिन्यांहून जास्त. फायद्यासाठी तिला साडेसात महिन्यांची चाल हवी. २०२१ संपताना निफ्टी १७,३५४ वर होता आणि २०२२ संपताना १८,१०५ वर. मधल्या काळात एप्रिलच्या सुरुवातीला तो १८,००० च्या वर गेला, जूनच्या मध्यात १५,३०० च्या खाली उतरला आणि ऑगस्टच्या मध्यात पुन्हा १८,००० च्या जवळ आला. उतार अडीच महिन्यांचा, चढ दोन महिन्यांचा. रोजच्या बोलण्यात या दोन्हींना कुणीही ट्रेंड म्हणेल. या जोडीसाठी मात्र ते वर्ष साइडवेज होतं.

सपाट बाजारात आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. साधी सरासरी आजच्या भावाने जितकी हलते तितकीच वीस दिवसांपूर्वीचा भाव हिशेबातून बाहेर पडल्यानेही हलते. चाल जोरात असताना दोन्ही रेषांत अंतर असतं, म्हणून हे जाणवत नाही. सपाटीत रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतात. तिथे आज भाव जागचा हलला नसतानाही, केवळ जुना एखादा पडलेला दिवस गळाला म्हणून छेद होऊ शकतो. असा सिग्नल दिसला की मी आता आधी खिडकीतून कोणता भाव गेला ते बघतो.

एडीएक्सची चाळणी लावावी, असा सल्ला मिळतो आणि तो वाईट नाही. पण वेल्स वाइल्डर यांनी १९७८ च्या पुस्तकात मांडलेला हा निर्देशक स्वतःच दोनदा सरासरी काढून बनतो. तो ‘ट्रेंड आहे’ असं म्हणेपर्यंत चालीचे आणखी काही दिवस खर्च झालेले असतात. सोळाचा आकडा आणखी वाढतो. लहान तोटे टळतात, त्यांच्याबरोबर मधल्या लांबीच्या चालीही हातच्या जातात.

क्रॉसओव्हर मी सोडलेला नाही. चांगली जोडी शोधणं मात्र सोडलं. शेअर निवडताना मागच्या दोन-तीन वर्षांच्या चार्टवर वळणापासून वळणापर्यंतचे दिवस मोजतो. बहुतेक चाली सोळाच्या आतल्या असतील तर तिथे ५-२० लावतच नाही. लांब चाली दिसल्या तरी पुढे त्या तशाच येतील याची हमी नसते, म्हणून रक्कम इतकीच ठेवतो की सहा-सहा रुपयांचे सात-आठ फटके ओळीने बसले तरी साठ दिवसांची चाल येईल तेव्हा मी बाजारात असेन.