बोरू आणि कानस

तासगाव, जिल्हा दक्षिण सातारा
माघ, शके १८७९

श्रीसद्गुरुचरणी बालकाचे कृतानेक साष्टांग दंडवत, विनंती विशेष.

तीर्थरूप वडिलांचे पत्र एव्हाना औदुंबरास आपल्या हाती पडले असेल, आणि मामलेदार कचेरीत कारकुनाच्या जागेवर माझी नेमणूक झाल्याचे व मी ती पत्करण्यास कांकूं करीत असल्याचे वर्तमान त्यांनी, दप्तरात नोंद करावी तशा नेमकेपणाने, त्यात लिहिले असेल. त्या वर्तमानात मला काही दुरुस्त करावयाचे नाही. परंतु मिरजेस तंबोरे करणाऱ्या एका उस्तादांच्या हाताखाली शागिर्दी करण्याचा माझा जो मानस आहे, त्याला ते पत्रात ‘नाद’ म्हणाले असतील. तो नाद आहे की आणखी काही, याचा निवाडा आपणांकडून व्हावा म्हणून हे स्वतंत्र पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

वडिलांची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नाही. आमच्याकडे गावचे कुलकर्णी वतन पिढ्यान्पिढ्या चालत आले होते, हे आपण जाणताच. त्याच्या सनदा आणि दप्तराचे रुमाल, गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली या बाजूला जी जाळपोळ झाली तीत, वाड्यासकट भस्मसात झाले. पुढे १९५१ च्या मे महिन्यापासून कायद्याने ते वतनच खालसा झाले. आणि गेल्या वर्षी १ एप्रिलच्या कृषक दिनापासून कुळे जी जमीन कसत होती तीही कायद्याने त्यांची झाली. जो नांगर धरतो त्याच्या नावे जमीन व्हावी यात अधर्म नाही, हे वडील चारचौघांत बोलून दाखवितात आणि मलाही ते मनापासून पटते. परंतु दहा वर्षांच्या आत ज्याचा वाडा, वतन आणि जमीन तिन्ही गेली, आणि सरकारने तलाठी म्हणून नोकरीत घेतले म्हणूनच ज्याच्या घरी चूल पेटत राहिली, त्या माणसाने सरकारी पगारास लक्ष्मीचे शेवटचे पाऊल मानावे यात नवल ते काय? ‘पगार जळत नाही,’ एवढेच ते म्हणतात. या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नाही. कारकुनावरून अव्वल कारकून, खात्याच्या परीक्षा दिल्या तर पुढेमागे मामलेदार, ही पायरी त्यांना डोळ्यांपुढे स्पष्ट दिसते; धाकट्या बहिणीचे लग्न व्हावयाचे आहे, आणि त्यांच्या पेन्शनीस आता फार अवधी राहिलेला नाही. आईची चिंता याहून सुटसुटीत आहे: बी. ए. होऊन भोपळे घासणाऱ्या मुलाला मुलगी कोण देणार?

आता माझे. मठाचा जुना तंबोरा बोलेनासा झाला तेव्हा तो मिरजेस नेऊन दुरुस्त करून आणण्याची आज्ञा आपणच मला केली होती. विलिंग्डन कॉलेजात असताना सांगलीहून मिरजेस गाणे ऐकण्यासाठी मी अनेकदा गेलो होतो, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या मैफलींत रात्री जागविल्या होत्या. परंतु गाण्याच्या मागे जो अखंड स्वर उभा असतो तो कोठे घडतो, हे पाहण्याची बुद्धी मला तोवर झाली नव्हती.

चार तारांपैकी पंचम आणि खर्ज ठीक होते. मधल्या जोडांपैकी एक तार मात्र मुकी होती. मुकी म्हणजे ती वाजत होती, पण छेडल्यावर एकच कोरडा स्वर देऊन विरून जाई; तिच्यातून जी गुंजनाची प्रभा उमलावयास हवी ती उमलत नसे. उस्तादांनी तंबोरा हाती न घेता मलाच विचारले, दोष कोठे आहे? मी खुंटीकडे बोट दाखविले, मग तारेकडे. त्यांनी तार बदलली; नवी तारही तशीच मुकी. मग त्यांनी घोडीवर तारेखाली असलेला सुताचा दोरा अंमळ पुढे सरकविला, मागे सरकविला. एका जागी क्षणभर झंकार आला आणि पुन्हा गेला. तेव्हा त्यांनी घोडी उजेडाकडे धरून मला दाखविली: तारेने वर्षानुवर्षे घासून तिच्या पृष्ठावर केसाएवढी खाच पाडली होती.

तंबोऱ्याचे सारे मर्म या पृष्ठात आहे. घोडीची वरची बाजू सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला इतका सूक्ष्म उतार असतो की कंप पावणारी तार तिला पुरती टेकतही नाही आणि पुरती सोडतही नाही, आणि त्या निसटत्या स्पर्शातून एका तारेच्या पोटातले अनेक स्वर बाहेर पडतात. या उतारालाच जवारी म्हणतात, आणि ती काढतात कानशीने. खाच पडली की तार तिच्यात बसते, स्पर्श निसटता राहत नाही आणि स्वर बंद होतो. अशा वेळी नुसती खाच घासून भागत नाही. सभोवतालचे सारे पृष्ठ तिच्या पातळीस उतरवून उतार नव्याने साधावा लागतो. एक हात कमी पडला तर तार मुकीच राहते. एक हात अधिक पडला तर ती खरखरते आणि स्वर आखूड होतो, आणि मग सगळे काम पुन्हा पहिल्यापासून. कोठे थांबावे हे डोळ्याला दिसत नाही. दोन घासण्यांच्या मध्ये दोरा बसवून, तार छेडून, कानानेच ठरवावे लागते. ती घोडी दुरुस्त होईतो मी तेथे बसून राहिलो, आणि जोडाच्या दोन्ही तारा जेव्हा एकजीव होऊन बोलू लागल्या तेव्हा ‘आता यांत कोणती नवी?’ असे उस्तादांनी विचारले. मला सांगता आले नाही. त्या उत्तरावर ते प्रसन्न झाले.

त्यानंतर मी वारंवार जात राहिलो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे आढ्याला टांगून वाळविलेले असतात. त्यांतला जाड सालीचा आणि सर्वत्र सारखा असलेला निवडून, कापून, पाण्यात भिजवून, आतून बांबूच्या कामट्यांनी ताणून त्याला आकार देतात. त्याला तुनीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडतात, वर तबली बसवितात. ही तबली पातळ राहिली तर तारांच्या ताणाने कालांतराने खचते आणि जवारी आपोआप बिघडते. लाकूड पुरते मुरलेले नसेल तर पावसाळ्यात तेच होते. मला अद्याप यांतले काहीच करू देत नाहीत. मी घासतो, सरस तापवितो, आणि जुन्या घोड्यांवर हात बसवितो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि मला त्याचा कंटाळा येत नाही. माझ्या ओढीचा याहून मोठा पुरावा माझ्यापाशी नाही.

वडिलांशी या विषयावर वाद झाला तो शास्त्रार्थाच्या पातळीवर झाला, कारण आपल्या प्रवचनांनी आम्हां दोघांनाही तीच भाषा शिकविली आहे. ते म्हणाले, परधर्म कितीही सुखाचा दिसला तरी भयावह होय, असे भगवंतांनी सांगितले आहे. आपल्या घराण्याचा धर्म लेखणी. गोरोबांनी मडकी सोडली नाहीत, सावतोबांनी मळा सोडला नाही, नरहरीने सोन्याची पेटी सोडली नाही. मी म्हणालो, त्यांच्या चाकावर आणि मळ्यावर कोणी कायदा केला नव्हता. आपले वतन तर १९५१ सालीच संपले. आता जी लेखणी आहे ती कुलपरंपरेची नव्हे, ती सरकारची आहे, बदलीची आहे, आणि परीक्षा देणाऱ्या कोणत्याही जातीच्या मुलाची आहे. आणि ती तशी असावी हेच योग्य. तेव्हा जन्मप्राप्त कर्म म्हणून मी तिला चिकटावे, असे म्हणता येत नाही.

मग मी मिरजेचाच दाखला दिला. तेथे हा धंदा सुमारे शंभर वर्षांपूर्वी ज्या फरीदसाहेबांपासून सुरू झाला असे सांगतात, त्यांचे घराणे सिकलगारांचे, तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांचे. कंपनी सरकारच्या अमलात हत्यारांचे दिवस सरले तेव्हा त्यांनी गेलेल्या धंद्याचा शोक न करता वाद्ये दुरुस्त करावयास आणि पुढे घडवावयास घेतली. त्यांच्या तलवारी गेल्या, आमचे वतन गेले. त्यांना जे शोभले ते मला का शोभू नये?

वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘त्यांनी धंदा बदलला, हातातली कानस बदलली नाही. तू बोरू टाकून कानस उचलतो आहेस.’

महाराज, त्यांनी उभ्या आयुष्यात केलेला हा सर्वोत्तम युक्तिवाद असावा, आणि तो माझ्याविरुद्ध व्हावा हे माझे दैव. पिढ्यान्पिढ्या लोखंड घासलेल्या हाताला घोडीचा उतार साधणे, आणि पाच पिढ्या हिशेब लिहिलेल्या हाताने तो साधू पाहणे, ही एकच गोष्ट नाही. उस्तादांनीही हे लपविलेले नाही. ते म्हणाले, कान वेळेवर आला आहे, हात उशिरा आले आहेत. दोन-तीन वर्षे पैसा मिळणार नाही, जेवण मिळेल, आणि त्यानंतरही हात वळेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. आकाशवाणीने १९४० पासून हार्मोनियमला मज्जाव केला असला तरी गावोगावच्या भजनी मंडळांत तीच शिरली आहे, आणि पूर्वी ज्या मंडळाने तंबोरा घेतला असता ते आता पेटी घेते, हेही त्यांनीच सांगितले. मला भुलविण्याचा प्रयत्न मिरजेत कोणी केलेला नाही, हे वडिलांना सांगूनही पटत नाही. ते आपण सांगावे.

नोकरी धरून उरल्या वेळात हे शिकावे, असा मधला मार्ग आमच्या मामांनी सुचविला आहे. तो दिसतो तितका सोयीचा नाही. कारकुनाची बदली जिल्ह्यात कोठेही होते. आणि शागिर्दीत शिकवणीचे तास नसतात. बिकट वाद्य जेव्हा येते तेव्हाच ते उस्तादांच्या शेजारी बसून पाहावे लागते, आणि ते रविवार पाहून येत नाही. मधला मार्ग धरला तर मी दोन्हीकडे अर्धा राहीन.

माझी पृच्छा इतकीच आहे. वडिलांचे ऋण मी नाकारीत नाही; बहिणीच्या लग्नापर्यंत नोकरी करणे हा त्या ऋणाचा भाग असेल तर तसे सांगावे, मी करीन, मात्र त्याला काही सीमा आहे की नाही तेही सांगावे. आणि दुसरे असे की, पित्याच्या भयाचा मान राखणे व पित्याची आज्ञा पाळणे ही दोन कर्तव्ये आहेत की एकच, याचा मला उलगडा होत नाही. अर्जुनालाही आपले कर्म सोडावयाचे होते आणि भगवंतांनी त्याला सोडू दिले नाही, हे वडिलांनी मला ऐकविले आहे. पण अर्जुन भिक्षा मागावयास निघाला होता, मी काम मागतो आहे. हा भेद खरा आहे की माझ्या इच्छेने निर्माण केलेली पळवाट आहे, हे मला आतून कळत नाही, म्हणून बाहेरून विचारतो.

एक प्रार्थना मात्र आहे. मला एक आणि वडिलांना दुसरे, असे मन राखणारे उत्तर कृपा करून देऊ नये. जे सांगणे असेल ते दोघांना एकाच पत्रात लिहावे. ते मी त्यांच्यासमोर वाचीन आणि त्याप्रमाणे वागेन. कचेरीत हजर होण्याची मुदत या महिन्याअखेर संपते.

आपला आज्ञांकित