वास्तू तथास्तु म्हणते

घरात वाईटसाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. सोयगावच्या पंचक्रोशीत वास्तुशांतीला कुणीही दोन शब्द बोलायला उभं राहिलं की हे वाक्य येतंच. मीही ते पुष्कळदा म्हटलं आहे. पूर्णाहुती झालेली असते, अंगणात वरण-बट्टीची पंगत बसायच्या बेतात असते, कुणीतरी माईक हातात देतं आणि म्हणतं, "सर, दोन शब्द." एवढ्या वेळात माणूस काय बोलणार? घर कष्टानं उभं राहिलं, थोरामोठ्यांचे आशीर्वाद आहेत, या घरात शांती नांदो, चांगलं बोला, चांगलं वागा, वास्तू तथास्तु म्हणते. टाळ्या पडतात. हल्ली मात्र ते शेवटचं वाक्य जिभेवर येतं आणि तिथंच थांबतं.

हे तथास्तु म्हणणारा कोण, हे आधी पाहायला हवं. मत्स्यपुराणात त्याची गोष्ट आहे. अंधकासुराशी लढताना शंकराच्या कपाळावरचा घाम जमिनीवर पडला आणि त्यातून एक अक्राळविक्राळ पुरुष उठला. त्याची भूक भागेना. रणातलं रक्त पिऊनही तो उपाशीच राहिला आणि तिन्ही लोक गिळायला निघाला. तेव्हा देवांनी त्याला जमिनीवर पालथा पाडला आणि ज्यानं जो भाग धरला त्यावर तो देव बसून राहिला. वास्तुमंडलात पंचेचाळीस देवता मांडतात त्या याच. बाहेरच्या बाजूला बत्तीस, आत तेरा. दाबला गेलेला तो पुरुष म्हणाला, मी असा पडून राहीन, पण खाऊ काय? मग त्याला बळी ठरवून देण्यात आला, पूजा ठरवून देण्यात आली.

म्हणजे जिला आपण शांती म्हणतो, तिच्या तळाशी एक भुकेलेला जीव पालथा पडलेला आहे. आपल्याकडे हे अगदी डोळ्यांसमोर होतं. गवंडी फरशी बसवताना आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी मोकळी ठेवतो. गुरुजी तिथं खड्डा करवून घेतात. धान्य, शेवाळ, दहीभात घालून वास्तुपुरुषाची धातूची छोटी प्रतिमा पालथी ठेवतात, वरून माती लोटतात, आणि नंतर गवंडी सिमेंट लावून ती फरशी पक्की करून टाकतो. पुढे घरातली बाई सणावाराला, कुठं अमावास्या-पौर्णिमेला त्या जागी नैवेद्य ठेवते. भूक विसरायची नाही, एवढी सोय त्या विधीतच करून ठेवली आहे.

मग तथास्तुचा धाक तेवढा आपण का उचलला आणि नैवेद्याची गोष्ट माईकवर का सांगत नाही?

माझ्या आजीच्या तोंडी हे वाक्य सतत असे. दिवेलागणीला कुणी रडलं, कुणी 'मरू दे' म्हणालं, की ती लगेच गप्प करी. तिचा हेतू वाईट नव्हता. शिव्याशाप ऐकत वाढलेल्या पोराच्या तोंडी तेच येतं, हे तिनं पाहिलेलं होतं. पण त्या वाक्यानं गप्प कोण बसे, हे आठवू लागलो की बेचैन व्हायला होतं. आजोबा ओरडत, तेव्हा वास्तूची आठवण कुणी करून देत नसे. गप्प बसे ती सून, गप्प बसत ती लेकरं. आमचं घर साऱ्या गल्लीत शांत म्हणून ओळखलं जाई.

आणि कापसाचं वर्ष बुडालं की घरातला कर्ता माणूसही गप्प होई. बियाणं उधारीवर आणलेलं, खताचे पैसे द्यायचे, सोसायटीचं थकलेलं. हे सगळं त्याला ठाऊक, पण बायकोपुढे बोलायचं नाही. घरात कशाला वाईट काढायचं? मराठवाड्यानं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अशा न बोलल्या गेलेल्या कर्जापायी किती घरं उघडी पडलेली पाहिली, ते इथं कुणाला सांगायची गरज नाही. त्या घरांतून वाईट बोललं गेलं म्हणून वाईट झालं, असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

गावातल्या बौद्ध वस्तीत मात्र गृहप्रवेशाला परित्राण पाठ असतो. तिथं होम नाही, खड्डा नाही. बुद्धमूर्तीपुढे पाण्याचा कलश असतो, पांढरा धागा सगळ्यांच्या हातांतून फिरवलेला असतो, त्रिसरण-पंचशील होतं आणि महामंगल सुत्त म्हटलं जातं. आमच्या वास्तुशांतीतही घराभोवती सूत गुंडाळतात, पण ते भिंतींना, आणि हे माणसांच्या हातांतून, हा फरक माझ्या मनात राहिला आहे. मंगल कशाला म्हणावं, याची त्या सुत्तात जी यादी आहे, तिच्यात आईवडिलांची सेवा आहे, बायकोमुलांचा सांभाळ आहे, गोंधळ नसलेलं काम आहे. आणि पंचशीलातलं चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहायला सांगतं. वाईट बोलू नये आणि खोटं बोलू नये, या दोन्हींत अंतर आहे. जे वाईट खरं आहे, ते दुसऱ्या नियमानं बोलता येतं. पहिल्यानं येत नाही.

एवढ्यावर मी आजीचं वाक्य टाकून द्यायला निघालो होतो. पण तिला ते परवडत होतं, याचं कारण मग लक्षात आलं. तिच्या काळी वाईट बोलायला घराबाहेर जागा होती. बायकांना आड होता, नदीचा काठ होता, परसदार होतं. पुरुषांना ओटा होता, पार होता. वास्तूच्या कानाआड सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, सावकाराबद्दल सगळं बोलून माणूस हलका होऊन उंबरठा ओलांडत असे. घरात शांती राहत असे, ती बाहेरच्या त्या बोलण्याच्या जिवावर. आता नळ घरात आला, ते चांगलंच झालं, हंड्याखाली माना मोडत होत्या. पण आड गेला. पंतप्रधान आवास योजनेचं घरकुल किमान पंचवीस चौरस मीटरचं. सपाट भागात त्याचं मूळ अनुदान एक लाख वीस हजार रुपयांचं, तेही हप्त्याहप्त्यानं. त्या पैशांत भिंती आणि छत उभं राहता राहता घरधन्याचा जीव मेटाकुटीला येतो, ओट्याला विटा कुठून आणायच्या? त्या एवढ्याशा जागेत सासू, सून, नातवंडं आणि कर्जाची काळजी, सगळ्यांनी एका छपराखाली चांगलंच बोलायचं म्हटलं, तर वाईटानं जायचं कुठं?

मग आशीर्वाद काय द्यावा? 'या घरात भांडण होवो' असं कोण म्हणेल? आणि पोटातलं सगळं ओठावर आणणारं घर मी पाहिलेलं आहे. तिथं रोज खरं बोललं जाई, आणि त्या खऱ्यानं दोन भाऊ कायमचे दुरावले. खरं बोलण्यालाही वेळकाळ लागतो, ऐकणारा लागतो, आणि मुख्य म्हणजे पोटात अन्न लागतं. आजीला हे माहीत असणार. म्हणून ती दिवेलागणीला गप्प करी आणि जेवणं झाल्यावर सुनेला शेजारी बसवून 'काय झालं गं?' विचारी. ही दुसरी गोष्ट मला आत्ता लिहिताना आठवली, आणि वर जे लिहिलं ते खोडावं की ठेवावं, कळेनासं झालं आहे.

सध्या तरी माईक हातात आला की मी वास्तुपुरुषाच्या भुकेची गोष्ट सांगतो आणि घरधन्याला म्हणतो, दादा, या घरात जो सगळ्यांत गप्प असेल त्याला रोज एकदा विचारत जा. टाळ्या कमी पडतात. म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहतात, त्यांना तथास्तु ऐकायचं असतं, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे वास्तुशांतीला काय म्हणतात? याहून बरं काही बोललं जात असेल, तर मला जरूर सांगा.