कंसातले तीन आकडे

थायलंडची एक विद्यार्थिनी काही वर्षे पुण्यात राहिली होती. त्या काळात तिने दूरस्थ पद्धतीने पाली भाषेचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. मायदेशी परतल्यावर तिथल्या विद्यापीठात तो ग्राह्य धरला जावा, म्हणजे एक विषय पुन्हा शिकावा लागणार नाही, अशी तिची इच्छा होती. त्यासाठी अभ्यासक्रमपत्रिकेचा थाई अनुवाद हवा होता. मी बँकॉकमध्ये सहा वर्षे राहिलेलो असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले. चार पानांचा मजकूर दोन दिवसांत होईल, असे मी तिला सांगून टाकले.

थाई भाषा मराठी माणसाला प्रथमदर्शनी ओळखीची वाटते. विषयाला ‘विचा’ म्हणतात, ती आपली विद्या. पदवीधराला ‘बंडित’, तो आपला पंडित. शिक्षकाला ‘अजान’, म्हणजे आचार्य. या ओळखीच्या भरवशावरच मी पहिला मसुदा केला, आणि तो ओळखीच्या एका थाई अध्यापकांना दाखवला.

त्यांचे बोट प्रथम श्रेयांकाच्या ओळीवर थांबले. थाई पत्रिकेत श्रेयांकासोबत कंसात तीन आकडे येतात. ३(२-२-५) म्हणजे श्रेयांक तीन. आठवड्याला व्याख्यानाचे तास दोन, प्रात्यक्षिकाचे दोन आणि स्वयं-अध्ययनाचे पाच. सत्र पंधरा आठवड्यांचे धरतात. व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास झाले की एक श्रेयांक होतो. आमच्या पत्रिकेवर होते: ४ श्रेयांक, १२० अध्ययन तास. मी पंधराने भागून आठवड्याला आठ तास काढले, ते निम्मे निम्मे वाटले आणि ४(४-०-४) असे लिहून मोकळा झालो.

“अजान, ही बेरीज चुकली आहे,” ते म्हणाले. मलाही ते आचार्यच म्हणत. कंसातल्या आकड्यांची बेरीज बहुधा श्रेयांकांच्या तिप्पट येते, कारण व्याख्यानाच्या प्रत्येक तासामागे दोन तासांचे स्वयं-अध्ययन गृहीत असते. चार श्रेयांकांना बारा हवेत. माझे आठच होते. शेवटच्या चाराच्या जागी आठ केले असते, तर ओळ निर्दोष दिसली असती. पण मुलीने न केलेला साठ तासांचा अभ्यास मी तिच्या नावावर मांडला असता. शिवाय आठवड्याला चार व्याख्याने तरी कुठे झाली होती? दूरस्थ शिक्षणातला आमचा श्रेयांक ३० तासांचा, आणि त्यात वाचन, स्वाध्याय, संपर्कसत्रे असे सगळेच मोजलेले असते. थाई श्रेयांकात सगळे मिळून ४५ तास होतात. म्हणजे आमचे चार तिथे धड तीनही भरत नव्हते.

मग मी कंसच काढून टाकला. ‘चार श्रेयांक, मूळ संस्थेत एका श्रेयांकास एकूण ३० अध्ययन तास, पैकी संपर्कसत्रे सर्व मिळून २० तास’ असे सरळ वाक्य लिहिले. श्रेयांकांची तुलना करून ते वर्ग करून घेण्याला थाईत ‘थिआप ओन’ म्हणतात. तो अधिकार तिथल्या समितीचा. अनुवादकाने तो आकड्यांच्या आडून वापरू नये, असे मला वाटते.

अध्ययन निष्पत्तींनी निराळाच पेच टाकला. एक निष्पत्ती होती, ‘विद्यार्थ्यास सामासिक पदांचा विग्रह करता येईल’. दुसरी, ‘उताऱ्यातील आशयाचे विश्लेषण करता येईल’. थाईत विश्लेषणाला ‘विख्रॉ’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या विग्रहावरूनच आलेला आहे. थाई पाली व्याकरणातही समासाच्या विग्रहाला ‘विख्रॉ’च म्हणतात. माझ्या मसुद्यात दोन्ही ओळी जवळजवळ सारख्या झाल्या होत्या. वाचणाऱ्याला एकच कौशल्य चुकून दोनदा छापले आहे असे वाटले असते. अध्यापकांनी पहिल्या ओळीत ‘तांग विख्रॉ’, म्हणजे विग्रह मांडणे, हा पाठशाळेतला प्रयोग सुचवला आणि दुसरीत ‘आशय’ हा शब्द क्रियापदाला लागूनच ठेवला. ओळखीचा शब्द किती सहज फसवतो! ‘अथिबाय’ हा शब्द ऐकून मला अभिप्राय आठवतो; प्रत्यक्षात त्याचा अर्थ स्पष्टीकरण करणे.

मूल्यमापनाचा भाग मात्र लवकर आटोपला. आपण मूल्य आणि मापन एकाच शब्दात बांधतो. थाईत ‘वत फोन’ म्हणजे फळ मोजणे आणि ‘प्रमेन फोन’ म्हणजे फळाची किंमत ठरवणे, असे दोन वेगळे शब्द आहेत. अंतर्गत वीस गुणांना ‘खनेन केप’, साठवलेले गुण, हा शब्द चपखल बसला.

दोन दिवसांचे काम बाराव्या दिवशी संपले. दीड महिन्याने तिचा दूरध्वनी आला. समितीने दोन श्रेयांक मान्य केले होते. तिथला विषय तीन श्रेयांकांचा, त्यामुळे तो तिला पुन्हा घ्यावा लागणार होता.

“अजान, तुम्ही कंसात आठ लिहिले असते तर?” तिने विचारले.

मी तिला तासांचा हिशेब पुन्हा एकदा समजावून सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला, आणि मग विचारले, पुण्यात केलेल्या स्वाध्यायांच्या वह्या पाठवल्या तर समिती पुन्हा विचार करील का. त्या वह्यांच्या मुखपृष्ठांचा अनुवाद सध्या माझ्या टेबलावर आहे.