मिरचीचा भाव आणि चार टक्क्यांचे लक्ष्य

चलनवाढ लक्ष्यीकरणावर दहा-पंधरा गुणांचा प्रश्न आला की आमची मुले ऊर्जित पटेल समिती, 2016 ची कायदादुरुस्ती, चार टक्के अधिक-उणे दोन, सहा सदस्यांची पतधोरण समिती एवढे बिनचूक लिहितात. पुढे फायदे पाच, मर्यादा पाच. व्याजदर वाढवल्याने भाव नेमका कुठे अडतो, हे मात्र बहुतेक उत्तरांत येत नाही. खरे गुण तिथेच आहेत, आणि दोंडाईच्याच्या विद्यार्थ्याला ते समजून घ्यायला गावाबाहेर जायची गरज नाही.

आपल्या बाजारात लाल मिरची येते. ओली मिरची पथारीवर वाळते, बाया देठ खुडतात, मग माल पुढे जातो. 2012 हे पायाभूत वर्ष धरून काढलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात मसाल्यांचा भार अडीच टक्के होता. जुलै 2023 मध्ये मसाले वर्षभरात वीस टक्क्यांहून अधिक महागले होते. अडीच टक्क्यांचे वीस टक्के म्हणजे अर्धा टक्का. ज्या व्यवस्थेचे लक्ष्य चार टक्के, तिथे एकट्या मसाल्यांनी अर्धा टक्का खाल्ला.

आता रेपो दर लावून बघा. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने तो 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. समजा, एका व्यापाऱ्याने वीस लाखांची मिरची कॅश क्रेडिटवर घेऊन चार महिने ठेवली. पूर्ण अडीच टक्के त्याच्या कर्जावर आले तरी जादा व्याज सतरा हजारांच्या आत, म्हणजे मालाच्या किमतीच्या एक टक्काही नाही. तो माल थोडा लवकर काढेल, एवढाच काय तो फरक. फुलकिड्याने आंध्र-तेलंगणात गेलेले पीक व्याजदराने परत येत नाही. ही पहिली आणि सर्वांत मोठी मर्यादा: हे हत्यार मागणीवर चालते, पुरवठ्यावर नाही.

मग बँकेने अन्नधान्याच्या महागाईकडे बघूच नये का? इथे उत्तर लिहिणाऱ्याने थांबून विचार करावा. मिरची महागली म्हणून खानावळीने थाळीचा दर वाढवला, थाळी महागली म्हणून देठ खुडणाऱ्या बायांनी मजुरी वाढवून मागितली, आणि पुढच्या वर्षीही असेच होणार असे धरून सगळे भाव ठरवू लागले, की मिरची स्वस्त होऊनही महागाई उतरत नाही. हा दुसरा फेरा व्याजदराने रोखता येतो. त्यासाठी बँक चार टक्क्यांवर ठाम आहे, असे लोकांना वाटले पाहिजे. जाहीर आकड्याचा खरा फायदा हाच.

पहिला धक्का कोणता आणि दुसरा फेरा कोणता, हे ओळखायला अन्न व इंधन वगळून उरलेली महागाई बघतात. 2022 मध्ये युक्रेन युद्धाने तेल भडकले, पण ही उरलेली महागाईही सहा टक्क्यांच्या आसपास चिकटून होती. म्हणून दर वाढवावे लागले. सलग तीन तिमाह्या महागाई सहाच्या वर राहिल्यामुळे कायद्याप्रमाणे बँकेला सरकारकडे लेखी कारणेही द्यावी लागली. ते पत्र जाहीर झाले नाही, आणि उत्तरदायित्वाचा मुद्दा लिहिताना ही उणीव जरूर नोंदवावी. उलट जुलै 2023 मध्ये टोमॅटोमुळे आकडा 7.44 वर गेला तरी ऑगस्टमध्ये समितीने दर हलवला नाही. उरलेली महागाई उतरत होती. सप्टेंबरात एकूण आकडाही सुमारे पाचवर आला.

याच अनुभवावरून 2023-24 च्या आर्थिक पाहणीने अन्न वगळून लक्ष्य ठरवण्याचा विचार मांडला. मला तो पटत नाही. 2012 च्या मालिकेत अन्न व पेयांचा भार 45.86 टक्के. घरखर्चातला एवढा वाटा बाजूला काढून कोणी महागाई आटोक्यात असल्याचे सांगितले, तर किराणा भरणारी बाई त्यावर विश्वास ठेवणार नाही. आणि विश्वास गेला की दुसरा फेरा रोखायला उरते काय?

दोन टक्क्यांची खालची मर्यादा मुले विसरतातच. ऑक्टोबर 2025 मध्ये महागाई 0.25 टक्क्यांवर आली. भाजीपाला आदल्या वर्षीपेक्षा पाव हिश्शाहून अधिक स्वस्त होता. शहरातल्या ग्राहकाला हायसे वाटले, पण खान्देशातल्या शेतकऱ्याला तीच घसरण बाजार समितीच्या पावतीवर दिसते. त्या वर्षी बँकेने रेपो टप्प्याटप्प्याने डिसेंबरपर्यंत 5.25 वर आणला. कर्ज थोडे हलके झाले, पण पडलेला भाव त्याने उचलला जात नाही. तिथे हमीभाव, साठवण आणि निर्यातीचे स्थिर धोरण लागते, आणि ते सरकारच्या हातात आहे. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदी आली. भाव दाबण्याचे ते काम सरकारने केले, पतधोरण समितीने नव्हे, आणि त्याची किंमत उत्पादकाने मोजली.