हिरवं पाणी

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

पहाटे आमच्या जर्मन रुग्णालयाच्या क्राइसझालमधून, म्हणजे प्रसूतिकक्षातून, फोन आला. पाणी हिरवं आहे, ठोके चांगले आहेत, बालरोगवाल्यांनी फक्त येऊन थांबावं. मी पोचले तेव्हा डोकं दिसू लागलं होतं. मुलगी बाहेर येताच रडली, हातपाय आवळून घेतले. हेबामेने, इथल्या सुईणीने, तिला टॉवेलने पुसून आईच्या छातीवर ठेवलं. मी श्वास पाहिला, ठोके ऐकले आणि बाजूला उभी राहिले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

बाळंतीण सांगलीकडची. तिची आई व्हिडिओ कॉलवर होती. "अहो बाई, पोरीनं पोटात शी केली म्हणता, मग नळी घालून घाण ओढून काढली नाही ती?"

प्रश्न रास्त होता. डोकं बाहेर येताच, खांदे निघण्याआधी, तोंड-नाक ओढून साफ करायचं हा पूर्वी जगभरचा नियम होता. अर्जेंटिना आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांनी तो २,५१४ बाळांवर तपासला आणि २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापला. ओढलेल्या आणि न ओढलेल्या, दोन्ही गटांत फुप्फुसाचा आजार सारखाच, शंभरात चार बाळांना. कारण गिळलेलं पाणी पोटात जातं. तिथे ते फारतर उलटी करवतं. घातक ठरतं ते श्वासात ओढलेलं, आणि ते बहुतेक वेळा आईच्या पोटातच ओढलं गेलेलं असतं. प्राणवायू कमी पडला की बाळ आत आचके देतं आणि त्या आचक्यांबरोबर मेकोनियम, म्हणजे ती काळी-हिरवी चिकट पहिली शी, खोल जाते. बाहेर आल्यावर तोंड पुसून ती परत येत नाही.

आजींना एवढंच सांगितलं, "रडली ना लगेच? मग नळी घातली तर घसाच खरवडेल तिचा." त्यांना पटलं की नाही, कळलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

नव्या शिकाऊ हेबामेने विचारलं, पाणी हिरवं होतंच का? दोन वाटा आहेत. एक पिकण्याची. दिवस भरले की आतडं हलू लागतं, म्हणून चौतीस आठवड्यांच्या आत असं क्वचित होतं आणि दिवस उलटून गेले की प्रमाण वाढत जातं. दुसरी त्रासाची. नाळ दाबली गेली किंवा प्राणवायू तुटला की आतड्याची हालचाल वाढते, गुदद्वार सैल पडतं. नुसता रंग पाहून कोणती वाट आहे ते ओळखता येत नाही.

ते ओळखायचा ध्यास घेतलेला माणूस इथलाच. बर्लिनच्या नॉयकोल्न भागातल्या रुग्णालयात एरिख झालिंग यांनी १९६०च्या सुमारास दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली अम्निओस्कोपी. गर्भाशयाच्या तोंडातून उजेडाची नळी सरकवून, पिशवी न फोडता, आतल्या पाण्याचा रंग पाहायचा. दुसरी, बाळाच्या डोक्याच्या कातडीतून रक्ताचा थेंब घेऊन त्याची आम्लता मोजायची. पहिली मागे पडली, कारण हिरवं दिसूनही बहुतेक बाळं धडधाकट निघत. दुसरी इथे आजही चालते, कारण बाळाला प्राणवायू पुरतोय का, याचं उत्तर तीच देते.

आकडे असे. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळंतपणांत दहा-पंधरांचं पाणी हिरवं असतं. त्या हिरव्यांतल्या शंभरांपैकी साधारण पाच बाळांना फुप्फुसाचा आजार होतो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज त्या पाचांतला एक.

पहिलटकरीण, ४१ आठवडे ३ दिवस. या टप्प्यावर इथली मार्गदर्शक तत्त्वं कळा सुरू करून द्यायला सुचवतात, त्यासाठीच ती आली होती. दुपारी पिशवी फुटली. पाणी पातळ हिरवट. सीटीजीचा, म्हणजे ठोक्यांचा, आलेख चांगला. चारच्या सुमारास पाणी वाटाण्याच्या दाट सुपासारखं येऊ लागलं आणि प्रत्येक कळेनंतर ठोके उतरू लागले. डॉक्टरांनी डोक्याचं रक्त घेतलं, पीएच ७.२७. ७.२५ च्या वर म्हणजे थांबायला हरकत नाही, ७.२० च्या खाली म्हणजे बाळ लगेच बाहेर हवं. थांबलो. तासाभरात तोंड पूर्ण उघडलं, पण ठोके ऐंशीवर येऊन तिथेच राहिले. व्हॅक्यूमचा कप लावून दोन कळांत बाळ बाहेर काढलं.

मुलगा लोळागोळा, श्वास नाही. नाळ लगेच कापून आमच्या गरम टेबलावर आणला. पूर्वी इथेच श्वासनळीत नळी घालून आधी ओढून काढत. मरगळलेल्या १२२ बाळांवर पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये ही पद्धत तपासली गेली आणि २०१५ मध्ये निकाल आला, ओढण्याने फायदा नाही. त्याच वर्षी जागतिक शिफारसही बदलली. ओढण्यात जाणारी मिनिटं बाळाला श्वासाविना काढावी लागतात, हा त्यातला मुख्य मुद्दा.

म्हणून आम्ही पुसलं, पाठ चोळली, डोकं सरळ ठेवलं, मास्क लावला आणि साध्या हवेचे श्वास दिले. पहिले पाच, प्रत्येक दोन-तीन सेकंदांचा, ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने. दोन दिले तरी छाती उचलली नाही. मास्क नीट बसवला, हनुवटी पुढे ओढली, तरीही नाही. मग लॅरिंगोस्कोपने घशात पाहिलं. चिकट हिरवा गठ्ठा वाटेतच बसला होता. तो डोळ्यांदेखत जाड नळीने ओढला. ओढण्याची वेळ हीच, वाट अडलेली दिसली तर. पुढच्या श्वासाला छाती वर आली, ठोके सत्तरवरून एकशेतीसवर गेले. तिसऱ्या मिनिटाला तो कण्हला, मग रडला. अपगार ४, ८, ९. नाळेच्या धमनीचा पीएच ७.१४.

नखं आणि नाळ हिरवट-पिवळी झाली होती. असा रंग चढायला काही तास लागतात. म्हणजे पिशवी फुटण्याच्याही आधीपासून तो त्या पाण्यात होता.

बुधवार, २० नोव्हेंबर

रात्रभर मिनिटाला ७५ श्वास, कण्हणं, फासळ्यांखाली खड्डे. एक्स-रेत पांढरे ठिपके आणि मधे फुगलेल्या काळ्या जागा. मेकोनियमचा कण बारीक नळीत बसला की हवा आत जाते, पण बाहेर पडत नाही, म्हणून काही भाग फुगतो. जिथे नळी पूर्ण बंद, तो भाग मिटतो. शिवाय हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा सर्फॅक्टंट निकामी होतो.

मोठी भीती मात्र रक्तवाहिन्यांची. फुप्फुसाच्या वाहिन्या आखडलेल्याच राहिल्या तर रक्त फुप्फुस टाळून पुढे जातं. ते ओळखायला उजव्या हातावर आणि पायावर, दोन्हीकडे प्राणवायू मोजतो. हाताला बराच जास्त, पायाला कमी, तर धोका. याचे ९४ आणि ९२. सुटलो. फरक मोठा असता तर सर्फॅक्टंट, श्वसनयंत्र, नायट्रिक ऑक्साइड वायू आणि तेही पुरलं नाही तर मानहाइमसारख्या मोजक्या केंद्रांत कृत्रिम फुप्फुस. त्याला नाकातून दाब देणारं सीपॅप पुरलं. जंतुसंसर्ग नसल्याची खात्री होईपर्यंत प्रतिजैविकं चालू.

शनिवार, २३ नोव्हेंबर

काल सीपॅप काढलं, आज आईजवळ दूध प्यायला. वडिलांनी विचारलं, आधीच सिझेरियन केलं असतं तर हे टळलं असतं का? मी म्हटलं, नुसत्या हिरव्या पाण्यासाठी कुणी सिझेरियन करत नाही, नाहीतर शंभरातल्या दहा-पंधरा जणींचं करावं लागेल. आणि नखांचा रंग सांगतो की त्याने मेकोनियम बरंच आधी सोडलं होतं. कदाचित फुप्फुसातही तेव्हाच गेलं असेल. निर्णय ठोक्यांवर आणि रक्तावर होतो.

जर्मनीत बाळंतपण करणाऱ्या मराठी घरांना सांगायचं ते एवढंच. रुग्णालय निवडताना विचारा, रात्रीही बालरोगतज्ज्ञ आवारात असतो का? अनेक छोट्या प्रसूती रुग्णालयांत तो बाहेरून बोलवावा लागतो. पाणी गेलं आणि ते हिरवं किंवा तपकिरी दिसलं तर घरी कळांची वाट पाहू नका. वेळ लिहून ठेवा, पॅड सोबत घ्या आणि लगेच निघा. आणि बाळ रडत आलं, नळी कुणी घातली नाही, तर हयगय झाली असं समजू नका.