साठवलेला आकडा

संपादकांनी 'वजन' या विषयावर सोपं लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा आहार आणि व्यायाम असावा. मी मात्र आयुष्यभर काटे तपासले, म्हणून काट्याबद्दलच लिहितो. त्यातही सोन्याच्या किंवा धान्याच्या काट्याबद्दल नाही, तर न्हाणीघराच्या कोपऱ्यात पडून असतो त्या काचेच्या वजनकाट्याबद्दल. चंडीगडच्या सेक्टर ३४ मधलं एक प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

तिथे एक मराठी कुटुंब राहतं. मुलगा नोकरीसाठी इकडे आला आणि आईच्या मागे वडिलांना, म्हणजे अण्णांनाही, साताऱ्याहून घेऊन आला. अण्णांचं हृदय अशक्त आहे. अशा माणसाच्या अंगात पाणी साठू लागलं की पायांवर सूज दिसण्याच्या आधी ते वजनात दिसतं, म्हणून डॉक्टर रोज सकाळी वजन लिहून ठेवायला सांगतात. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली तर लगेच कळवा, अशी साधारण सूचना असते. सूनबाई रोज वहीत आकडा लिहायची. ओळीने बरेच दिवस ६८.३ आणि मग एका सकाळी एकदम ६८.९. तिने मला फोन केला. "काका, काटा बिघडलाय की अण्णांचं पाणी वाढलंय?"

मला खटकला तो ६८.९ नव्हे. त्याआधी न हललेला ६८.३ खटकला. जिवंत माणूस इतका स्थिर राहत नाही. पेलाभर पाणी प्यायलं की दोनशे-अडीचशे ग्रॅम वाढतात, आणि जेवणातलं मीठ, लघवी, घाम यांनी सकाळचं वजनसुद्धा दोन-चारशे ग्रॅम इकडेतिकडे होतंच. आठवडाभर शंभर ग्रॅमचाही फरक दाखवत नाही तो काटा, लोकांना वाटतो तसा, उत्तम नसतो. तो काहीतरी लपवत असतो.

घरी गेलो तेव्हा अण्णांचे जावई आलेले होते. ते इंजिनिअर. काटा साताऱ्यात घेतलेला, त्यामुळे इकडे गुरुत्वाकर्षणाने चुकत असणार, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा मला दर वर्षी कुणीतरी ऐकवतं, म्हणून एकदाच नीट सांगतो. तो खरा आहे, पण फार लहान आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि चपटेपणामुळे विषुववृत्तापासून दूर जावं तसं गुरुत्व वाढतं आणि उंचीवर गेलं की कमी होतं. सातारा साडेसतरा अंशांच्या थोडं वर आणि समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे. चंडीगड तीस अंशांच्या वर, पण उंची साताऱ्याच्या निम्मी. हिशेब केला तर फरक साधारण हजारात एक एवढा येतो. म्हणजे साताऱ्यात ७० किलो दाखवणारा तोच काटा इथे सत्तर-एक ग्रॅम जास्त दाखवेल. सराफाच्या काट्यावर किलोभर सोन्यामागे जवळजवळ एक ग्रॅम, आणि तो चालणारच नाही. म्हणून तसा काटा ज्या गावी वापरायचा तिथेच वजनं ठेवून जुळवून घ्यावा लागतो. न्हाणीघरातल्या काट्याचा शेवटचा आकडाच शंभर ग्रॅमचा. तिथे हा फरक बहुतेक वेळा दिसायचाही नाही, आणि तो एका रात्रीत तर नक्कीच उगवत नाही.

शाळेत ज्याला आपण लघुतम माप म्हणायचो, ते म्हणजे अचूकपणा नव्हे. शंभर ग्रॅमपर्यंत आकडा दिसतो म्हणजे शंभर ग्रॅमपर्यंत खरा असतो, ही समजूत मला सगळ्यात जास्त छळते. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या गटात शंभर ग्रॅमने जास्त भरली आणि अंतिम फेरीच्या दिवशी अपात्र ठरली. त्यानंतर इथे, तिच्या हरियाणाला लागून असलेल्या या शहरात, लोक घरच्या काट्यावर उभे राहून शंभर ग्रॅमवर वाद घालायला लागले. घरच्या काट्यावर शंभर ग्रॅम म्हणजे काय हे एकदा समजून घ्या. काट्याच्या चार पायांत चार लोड सेल असतात. पोलादाची छोटी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली नागमोडी तार. पट्टी वाकली की तार ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध किंचित बदलतो. तीन व्होल्टच्या बॅटरीवर दीडशे किलोंच्या पूर्ण भाराला या सगळ्यातून येणारा संकेत साधारण तीन मिलिव्होल्टचा. त्याचा दीड हजारावा हिस्सा म्हणजे तुमचे शंभर ग्रॅम, दोन मायक्रोव्होल्ट. आणि वर उभा माणूस श्वास घेतो, डुलतो, त्याचं हृदय ठोके देतं. खरा आकडा थरथरतच राहणार.

ग्राहकाला थरथर आवडत नाही. पाच मिनिटांत दोनदा उभं राहून दोन आकडे दिसले की तो काटा परत करतो. म्हणून बऱ्याच काट्यांच्या आत एक युक्ती घातलेली असते. मागचं वजन साठवून ठेवायचं, आणि नवं वजन त्याच्या जवळपास असेल तर नवं न दाखवता जुनंच दाखवायचं. खोक्यावर याचा उल्लेख मी फारसा पाहिलेला नाही. हाच माझा जुना झगडा आहे आणि अण्णांच्या काट्यात तेच चाललंय असा मला संशय होता.

तपासायला लॅबमधली २० किलोंची तीन लोखंडी वजनं नेली होती. काटा चिप्सच्या फरशीवर, सांधा टाळून, चारही पाय टेकतील असा ठेवला. खाली पायपुसणं नको. पाय रुतून पट्ट्या नीट वाकत नाहीत आणि आकडा भरकटतो. रिकामा काटा ०.० दाखवत होता. जावई म्हणाले, "झिरो तर बरोबर आहे." शून्य बरोबर असणं म्हणजे काट्याने सुरुवात कुठून केली एवढंच. पुढे तो किती वेगाने चढतो हे शून्य सांगत नाही. एक वजन ठेवलं, २०.१. दोन ठेवली, ४०.२. तीन ठेवली, ६०.३. चढ सरळ रेषेत, पण दोनशेत एक एवढा जास्त. एकच वजन चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिलं, तिथे खोट नव्हती.

तीनशे ग्रॅमची ही चूक मोठी की लहान? वैधमापन कायद्याखाली व्यापारी काट्यांना वर्ग असतात. तिसऱ्या वर्गाचा आणि शंभर ग्रॅम डिव्हिजनचा काटा ६० किलोंवर पासिंगच्या वेळी शंभर ग्रॅमपेक्षा जास्त चुकता कामा नये, वापरात असताना दोनशे. अण्णांचा काटा तिथे नापास झाला असता. पण अण्णांसाठी ही चूक बिनमहत्त्वाची आहे. रोजच तेवढीच जास्त दाखवत असेल तर कालच्या आणि आजच्या फरकात ती उरतच नाही. त्यांना हवा आहे तो फरक. तो धड दिसतोय का, हे वेगळं तपासावं लागतं.

म्हणून तिन्ही वजनं उतरवली, काटा आपोआप बंद होऊ दिला आणि पुन्हा ठेवली, या वेळी वर पाव किलो चहाचा पुडा. ६०.३. पुन्हा उतरवलं, बंद होऊ दिलं, पुन्हा ठेवलं. ६०.३. सूनबाईने पुडा उचलून पाहिला, खरंच भरलेला आहे ना म्हणून. मग मध्ये फक्त एकच २० किलोंचं वजन ठेवलं आणि आकडा स्थिर होऊ दिला. साठवणीत आता २०.१ होतं. त्यानंतर तीन वजनं आणि तोच पुडा ठेवला, ६०.६. काट्याला पाव किलो कळत होता, तो सांगत नव्हता. शेवटी तीन वजनांवर साठवण परत आणली आणि एकदम दोन पुडे ठेवले, तेव्हा तो सुटला, ६०.८. पाव किलो आणि अर्धा किलो यांच्या मध्ये कुठेतरी त्याची मर्यादा होती.

आता वही पुन्हा वाचा. अण्णांचं वजन रोज शंभर-दीडशे ग्रॅमने चढत असेल तर पहिले काही दिवस काटा ६८.३ हाच जुना आकडा देत राहणार, कारण तुलना त्या साठवलेल्या आकड्याशीच होते. मर्यादा ओलांडली की एकदम उडी. सहाशे ग्रॅमची वाढ एका रात्रीतली नसावी, ती चढण होती आणि वहीत तिची पायरी झाली. दोन किलोंची वाढ या काट्यानेही लपली नसती, पण डॉक्टर जी लहान सुरुवात शोधत असतात, ती जवळजवळ अर्धा किलो उशिरा कळली असती. त्याच दिवशी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी अण्णांना बोलावून तपासलं.

मला त्रास होतो तो पुढच्या गोष्टीचा. शिक्का मारणारा निरीक्षक पद्धतशीर वजनं चढवतो, २०, ४०, ६०. प्रत्येक पायरी साठवणीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे ही युक्ती त्याच्यासमोर कधी जागी होतच नाही. त्याच्या कामात काही कमी नाही. तपासणी काटा खोटं वजन देतो का हे शोधायला बांधलेली आहे, तो जुनं वजन पुन्हा देतो का हे शोधायला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपलेल्या किलोपासून फरिदाबादच्या प्रादेशिक प्रयोगशाळेतून राज्यांच्या वजनांपर्यंत येणारी साखळी मी जवळून पाहिली आहे आणि तिचा मला अभिमान आहे. ती साखळी या काचेच्या काट्याच्या दाराशी येऊन थांबते.

वाचक विचारतील, घरी २० किलोंची वजनं कुठून आणायची? दहा किलोंची आट्याची थैली प्रमाण म्हणून धरू नका. नियमाने तिच्यात दीडशे ग्रॅम कमी निघाले तरी ते खपतात, आणि थैलीचं वजन वेगळंच. जिमच्या साध्या लोखंडी प्लेटवर छापलेल्या आकड्यावरही विसंबू नका. ओळखीच्या किराणा दुकानदाराकडचं शिक्का मारलेलं पाच किलोंचं लोखंडी वजन सगळ्यात चांगलं. त्याची चूक काही ग्रॅमांतच असते, तुमच्या काट्याला ती दिसणारही नाही. तेही नसेल तर पाणी. बाजारी मापाने, कडेपर्यंत नीट मोजलेलं दहा लिटर पाणी उन्हाळ्यातही दहा किलोंना शंभर ग्रॅमहून जास्त कमी पडत नाही. बादलीचं वजन आधी वजा करा.

साठवण ओळखायला तर प्रमाण वजनही लागत नाही. काट्यावर उभे राहा, उतरा, बंद होऊ द्या, हातात पाव किलोचा पुडा घेऊन पुन्हा उभे राहा. आकडा हलला नाही तर तुमचा काटाही तसलाच असण्याची शक्यता आहे. खात्रीसाठी मध्ये एखादी भरलेली बादली हातात घेऊन एकदा उभे राहा आणि मग पुन्हा पुडा घेऊन वजन करा. आता वाढ दिसली तर शंका उरत नाही.

अण्णांकडे काट्याजवळ आता पाच किलोंचं वजन असतं. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, ते आधी नुसतं वजन काट्यावर ठेवतात, आकडा थांबला की उचलून बाजूला ठेवतात, काटा विझला की उभे राहतात. वहीत आता ६८.४, ६८.२, ६८.५ असे आकडे दिसतात. पहिल्या आठवड्यात सूनबाईचे मला फोन येत होते, आज दोनशेने वाढलंय म्हणून. तिला मी सांगितलं, या काट्यावर एका दिवसाच्या दोनशे ग्रॅमला अर्थ नाही, पण ओळीने तीन सकाळी एकाच दिशेने चढलं तर मला नको, थेट डॉक्टरांना फोन कर.